‘आईला सांगू नका’ आणि आठ मिनिटं: लेकीच्या एमएमआयची तयारी

गेला दीड महिना आमच्या घरी रोज संध्याकाळी एकच कार्यक्रम चाललाय. लेक खोलीच्या बाहेर उभी, दारावर मी चिकटवलेला कागद आणि मोबाईलवर दोन मिनिटांचा टायमर. तो वाजला की ती आत येते, मी समोर खुर्चीत बसलेली असते आणि पुढची आठ मिनिटं मी तिची आई नसते.

इथे कॅनडात मेडिकलला नुसत्या मार्कांवर प्रवेश मिळत नाही, इंटरव्ह्यू असतो आणि बऱ्याच ठिकाणी तो एमएमआय म्हणजे मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू असतो. ही पद्धत हॅमिल्टनच्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत निघाली, 2004 मध्ये त्यावरचा त्यांचा पेपर आला आणि मग ती बाहेरच्या देशांतही पसरली. एका पॅनलसमोर तासभर बसायचं त्याऐवजी आठ-दहा छोटी स्टेशनं, साधारण दोन मिनिटं प्रसंग वाचायचा, आठ मिनिटं बोलायचं, बझर झाला की पुढचं दार. वेळा कॉलेजप्रमाणे थोड्या बदलतात. प्रत्येक स्टेशनवर वेगळा माणूस आणि त्याला आधीच्या स्टेशनवर काय झालं ते अजिबात माहीत नसतं, त्यामुळे एक स्टेशन पार फसलं तरी पुढच्या दाराआड पाटी कोरी असते. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

सगळ्यात अवघड जातात ती नैतिक पेचाची स्टेशनं. खरे प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत असं लिहून घेतात, म्हणून इथे देतेय तो प्रसंग आम्हीच घरी तयार केलेला आहे. तुम्ही फॅमिली डॉक्टर आहात. पंधरा वर्षांची मुलगी एकटी आली आहे, तिला गर्भनिरोधक गोळ्या हव्यात आणि ती म्हणते, ‘माझ्या आईला सांगू नका.’ तिची आईसुद्धा तुमचीच पेशंट आहे. काय कराल?

पहिल्या दिवशी लेक आत आली आणि दीड मिनिटात मोकळी झाली. मुलगी मायनर आहे, आईला सांगावंच लागेल, संपलं. खरं सांगते, मी मनातल्या मनात मान डोलावली, कारण आपण अशाच घरांत वाढलो. पण उरलेल्या साडेसहा मिनिटांत ती तेच तेच फिरवून बोलत राहिली. रेकॉर्डिंग ऐकताना आम्हा दोघींच्या लक्षात आलं की त्या मुलीला तिने एकही प्रश्न विचारला नव्हता. निकाल आधी दिला की बोलायला काही उरत नाही.

दुसऱ्या दिवशी ती तयारी करून आली. ऑटोनॉमी म्हणजे पेशंटचा स्वतःचा निर्णय, बेनेफिसन्स म्हणजे त्याचं भलं करणं, नॉन-मॅलेफिसन्स म्हणजे इजा न करणं, जस्टिस म्हणजे न्याय, अशी वैद्यकीय नीतीची चारही तत्त्वं पाढे म्हटल्यासारखी म्हणून दाखवली आणि शेवटी ‘परिस्थितीवर अवलंबून आहे’ म्हणून थांबली. कशावर अवलंबून, ते नाहीच! आणि निर्णयही नाही. मला तर हे पहिल्या दिवसापेक्षाही वाईट वाटलं, कारण आता ती मुलगी उत्तरातून गायबच झाली होती.

मग आम्ही दारावरच्या दोन मिनिटांवर काम केलं. तेव्हा उत्तर शोधायचं नाही, फक्त दोनच गोष्टी बघायच्या: यात कोणाकोणाचं काय पणाला लागलंय आणि मला काय माहीत नाही. इथे माहीत नसलेलंच जास्त आहे. बॉयफ्रेंड किती वर्षांचा? तिच्यावर कोणी जबरदस्ती करतंय का? आईला का सांगायचं नाही, लाज वाटते म्हणून की घरात मार बसेल म्हणून? गोळ्या कदाचित पाळीच्या त्रासासाठीच हव्या असतील, ते तरी आपण कुठे विचारलं? ही यादी डोक्यात घेऊन आत गेली की आठ मिनिटं कमी पडायला लागतात.

कायदा पाठ असावा अशी इंटरव्ह्यूत अपेक्षा नसते, पण चुकीचा कायदा ठामपणे सांगणं वाईटच, म्हणून आम्ही तो वाचून काढला. आम्ही राहतो त्या ओंटारिओत उपचाराला संमती देण्यासाठी वयाची अटच नाही, 1996 चा हेल्थ केअर कन्सेंट ॲक्ट एवढंच बघतो की समोरच्या व्यक्तीला माहिती समजते का आणि आपल्या निर्णयाचे परिणाम कळतात का. शेजारच्या क्विबेकमध्ये मात्र चौदा हा आकडा आहे. म्हणजे ‘मायनर आहे, आईला सांगावंच लागेल’ हे आमचं पहिल्या दिवसाचं वाक्य इथे सरळ चूक होतं. मला ते पचायला दोन दिवस लागले.

तिसऱ्या खेपेचं उत्तर मला अजून आठवतं. ती म्हणाली, मी आधी तिला सांगेन की आपलं बोलणं आपल्यातच राहील, पण तुझ्या जिवाला धोका आहे किंवा कोणी तुझा गैरफायदा घेतंय असं दिसलं तर मला ते पुढे कळवावं लागेल. हे आधीच सांगायचं, तिने मन मोकळं केल्यावर नाही, नाहीतर तो विश्वासघात होतो. मग प्रश्न. मग गोळी कशी घ्यायची, चुकली तर काय, गोळीने संसर्ग टळत नाही म्हणून कंडोमही लागेल, हे समजावून ते तिच्याच शब्दांत परत सांगायला लावायचं, म्हणजे तिला कितपत कळलंय तेही दिसतं. ब्लड प्रेशर बघायचं, मायग्रेनचा त्रास आहे का विचारायचं. आईशी बोलायला मदत करेन म्हणायचं, पण गोळ्यांसाठी ती अट घालायची नाही, कारण अट घातली तर मुलगी उठून जाईल आणि गोळ्यांशिवाय राहील. आणि शेवटी स्पष्ट निर्णय: तिला समजतंय आणि ती सुरक्षित आहे अशी खात्री झाली तर मी गोळ्या देईन, आईला सांगणार नाही, काही आठवड्यांनी परत बोलवेन.

इंटरव्ह्यू घेणाऱ्याकडे पुढचे प्रश्नही असतात आणि तो बरेचदा चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. म्हणून मीही निर्विकार चेहऱ्याने विचारलं, ‘बॉयफ्रेंड चोवीस वर्षांचा आहे असं कळलं तर?’ इथे शरीरसंबंधांना संमती देण्याचं वय सोळा आहे, चौदा-पंधराच्या मुलांसाठी जोडीदार पाच वर्षांपेक्षा कमी मोठा असेल तरच सूट. चोवीस म्हणजे नऊ वर्षांचं अंतर. आधीच्या रेकॉर्डिंगमध्ये अशा वेळी ती गडबडून आपलं पहिलं उत्तर नाकारायची. या वेळी क्षणभर थांबली आणि म्हणाली, आता माझा निर्णय बदलतो कारण माहिती बदलली. हे मला चिल्ड्रन्स एड सोसायटीला, म्हणजे इथल्या बालसंरक्षण संस्थेला कळवावं लागेल, ते मी आधी तिलाच सांगेन आणि फोन करताना ती माझ्याजवळ बसलेली असेल. उपचार तरीही थांबवणार नाही.

काल मी एक प्रश्न स्वतःहून घातला. त्याच मुलीची आई क्लिनिकमध्ये फोन करते. टायमर चालू होता, मी आवाज चढवून म्हटलं, ‘माझी मुलगी तुमच्याकडे आली होती का? मला कळायला नको? मी आई आहे तिची!’ बोलताना माझाच आवाज कापला. लेक माझ्याकडे बघत हळू म्हणाली, ‘तुमची काळजी कळते मला. माझ्याकडे कोण आलं, कोण नाही, हे मी कोणालाच सांगत नाही, उद्या तुमच्याबद्दल कोणी विचारलं तरी नाही सांगणार. पण तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटतेय ते मला सांगा, मी ऐकतेय.’

अजून तीन मिनिटं शिल्लक होती. मी टायमर थांबवला नाही, बोलत राहिले.