पावसाळ्यातच तापणारे सॉकेट

ऐन पावसाळ्यात आमच्या सेवा केंद्रात एक विद्युत स्कूटर आली. तक्रार अशी होती, की चार्जिंग व्यवस्थित सुरू होते, परंतु थोड्या वेळाने आपोआप थांबते आणि गाडी तासभर तशीच ठेवली की पुन्हा चालू होते. गाडीच्या मालकांनी दुसरा चार्जर लावून पाहिला होता, तरीही फरक पडला नव्हता. विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा घरातला आरसीसीबी हा स्विच एकदाही पडला नव्हता, त्यामुळे पाण्याचा काही संबंध नसावा, असे त्यांचे मत होते.

मला मात्र नेमकी हीच गोष्ट उलट दिशेने नेणारी वाटली. आरसीसीबी पडतो तो विजेची गळती झाली तर, म्हणजे जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत फरक पडला तर. शिवाय तो चार्जरच्या भिंतीकडच्या बाजूवरच लक्ष ठेवतो. चार्जरपुढे गाडीच्या सॉकेटमध्ये एखादा सांधा खराब होऊन तापत असेल, तर त्याचा पत्ता ना आरसीसीबीला लागतो, ना जादा प्रवाह झाल्यावर पडणाऱ्या एमसीबीला, कारण प्रवाह वाढलेला नसतो आणि गळालेलाही नसतो.

गाडीच्या सॉकेटभोवती प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वरून चिकटपट्टी लावलेली होती. ती काढताच आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले. सॉकेटच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्र असते. ते चिखलाने पूर्ण बुजले होते. पाऊस अडवण्यासाठी केलेल्या या बंदोबस्तामुळे प्रत्यक्षात ओल आत कोंडली गेली होती. दिवसा गाडी तापली की त्या ओलाव्याची वाफ होई आणि रात्री गार पडली की तीच वाफ पिनांवर पाणी होऊन बसे.

टॉर्चच्या उजेडात पाहिल्यावर धन पिनेवर हिरवट थर होता आणि तिचा मुलामा जागोजागी खाल्लेला होता, तर ऋण पीन बरीच शाबूत होती. नुसत्या गंजात असा भेदभाव सहसा दिसत नाही. या गाडीत चार्जर काढल्यावरही सॉकेटच्या पिनांवर बॅटरीचा विद्युत दाब राहत होता. दोन पिनांमध्ये ओलाव्याचा थर साचला, की त्यातून अगदी किरकोळ प्रवाह सतत वाहत राहतो आणि धन बाजूचा धातू विरघळत जातो. म्हणजे चार्जिंग होत नसतानाही पीन झिजत होती. सगळ्याच गाड्यांत असे घडत नाही. काहींमध्ये चार्जर ओळखल्याशिवाय पिनांवर दाब येतच नाही.

संशय पक्का करण्यासाठी चार्जिंग सुरू करून, प्लगच्या मागच्या तारेपासून सॉकेटच्या मागे गाडीत जाणाऱ्या तारेपर्यंत किती व्होल्ट पडतात, ते मल्टीमीटरने मोजले. प्रवाह 10 अँपिअर होता. चांगल्या सांध्यात हा फरक काही दशक मिलिव्होल्ट एवढाच यायला हवा. येथे तो 0.8 व्होल्ट होता. म्हणजे त्या एका पिनेच्या टोकाशी 8 वॅट उष्णता निर्माण होत होती. आकडा लहान दिसतो, परंतु बंदिस्त प्लास्टिकमध्ये एवढ्याशा जागेत ती साठत जाते. सॉकेटमागचा तापमानाचा सेन्सर ठरलेली मर्यादा ओलांडताच चार्जिंग थांबवत होता. चार्जर बदलून उपयोग का झाला नाही, हेही यातूनच उलगडले. असा सेन्सर नसलेल्या गाडीत पहिली खूण म्हणजे चार्जिंगनंतर प्लग हाताला गरम लागणे, आणि त्यापुढची म्हणजे पिनेभोवतीचे प्लास्टिक पिवळे किंवा तपकिरी पडणे.

पीन घासून चकचकीत करण्याची सूचना मालकांनी केली, ती मी मान्य केली नाही. घासल्याने उरलासुरला मुलामाही जातो आणि पुढच्या ओलाव्यात ती आणखी लवकर खराब होते. बॅटरी वेगळी करून आम्ही सॉकेट बदलले आणि सोबत चार्जरच्या केबलचा प्लगही, कारण त्याच्या आतील पकड सैल व काळी पडली होती आणि तिने नवीन पिनाही खराब केल्या असत्या. पुन्हा मोजल्यावर फरक 40 मिलिव्होल्ट आला.

पिशवी लावण्याऐवजी काय करावे, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, की गाडी भिजून आली असेल तर आधी सॉकेटचे झाकण उघडे ठेवून, आडोशाला, ते वाऱ्याने वाळू द्यावे आणि कोरडे झाल्यावरच प्लग लावावा. आधी गाडीकडचा प्लग बसवावा, मग भिंतीवरचे बटण सुरू करावे; काढताना याच्या उलट क्रम ठेवावा. चार्जर जमिनीवर न ठेवता छताखाली उंचावर ठेवावा आणि केबलला गाडीच्या सॉकेटपेक्षा खाली येणारा झोल द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी त्या झोलावरून खाली टपकते, सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. निचऱ्याचे छिद्र मऊ काडीने अधूनमधून मोकळे करावे. धातूची तार तेथे कधीही घालू नये, कारण त्या पिनांवर बॅटरीचा दाब असतो.