बेल वाजली की कल्लोळ, पाहुणा आत आला की शांत: माझा अनुभव

"पाहुणा बाहेर असेपर्यंत घर डोक्यावर घेतंय आणि तो आत आला की पायाशी येऊन बसतंय. मग भुकतंय तरी कशाला ओ?" शेजारच्या काकूंचा हा प्रश्न जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं विचारला आहे. मणी ही आमची तीन वर्षांची गावठी कुत्री. तिची ही सवय उतरवायला मला साधारण दीड महिना लागला. भुंकण्याचं कारण न कळता केलेले उपाय फुकट जातात, म्हणून आधी कारण सांगते.

आमचं फाटक सरळ रस्त्यावर उघडतं. पहाटे दूधवाला पिशवी अडकवतो, मणी भुंकते, तो निघून जातो. मग पेपरवाला, मग घंटागाडी, मग भाजीचा हातगाडा. ही सगळी माणसं तशीही जाणारच असतात, पण कुत्र्याच्या हिशेबात "मी भुंकले आणि तो गेला" एवढंच जमा होतं, तेही दिवसातून दहा-पंधरा वेळा, एकदाही न चुकता. नकोशी गोष्ट ज्या कृतीनंतर टळते ती कृती पक्की होत जाते. पाहुण्याच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही. भुंकूनही तो जात नाही, उलट आत येऊन बसतो. मग भुंकण्याला काही काम उरत नाही.

दुसरं कारण नाकाचं. फाटकाच्या गजांतून माणसाची अर्धी आकृती दिसते, पावलं ऐकू येतात, पण जवळ जाऊन वास घेता येत नाही. जायचं आहे आणि जाता येत नाही, ही कोंडीच आवाज वाढवते. तोच माणूस मोकळ्या रस्त्यावर भेटला तर मणी मुकाट्यानं त्याची चप्पल हुंगते. आत आल्यावर तिला चपला, हात, पिशवी सगळं हुंगायला मिळतं, घरची माणसं त्याच्याशी सहज बोलताना दिसतात आणि तिची शंका मिटते.

बेलच्या आवाजाला मुळात काहीच अर्थ नसतो. बेलनंतर दारात अनोळखी माणूस, ही जोडी शेकडो वेळा घडल्यामुळे तो चिकटतो. मालिकेत बेल वाजली तरी कुत्रं दाराकडे धावतं, ते याचमुळे. त्या भुंकण्याचा आवाजही वेगळा असतो. अमेरिकेतल्या पशुवैद्य सोफिया यिन आणि त्यांच्या सहकारी ब्रेंडा मॅककोवन यांनी २००४ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. बेल ऐकून केलेलं भुंकणं जाड आणि खरखरीत, तर खेळतानाचं आणि एकटं ठेवल्यावरचं उंच पट्टीचं, चढउतार असलेलं, असं त्यांना आढळलं. मणीचा जाड आवाज पाहुण्यानं उंबरा ओलांडताच बारीक होतो. कान देऊन ऐकलं तर तो बदल घरबसल्या कळतो.

उपायाची सुरुवात सराव बंद पाडण्यापासून. रोज जुनी सवय गिरवली जात असेल तर नवी शिकवून उपयोग नाही. म्हणून बेलचं कनेक्शन काढलं आणि फाटकावर "बेल बंद आहे, फोन करा" अशी पाटी लावली. फाटकाच्या गजांना आतून जमिनीपासून चार फुटांपर्यंत पत्रा बांधला. मणी मागच्या पायांवर उभी राहिली तरी रस्ता दिसणार नाही एवढी उंची हवी. पावलांचे आवाज येतच राहतात, पण रस्त्यावरच्या माणसांवरचं भुंकणं एवढ्यानंच बरंच खाली आलं.

मग आमच्याच बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड केला. दारापासून दहा फुटांवर जुनी सोलापुरी चादर चौघडी करून अंथरली आणि हीच तिची जागा ठरवली. बक्षीस म्हणून मीठ न घालता उकडलेलं बिनहाडाचं चिकन, हरभऱ्याएवढे तुकडे करून. आपल्याकडे हाताशी असते ती शेंगा चटणी लावलेली भाकरी, पण त्या चटणीत लसूण असतो आणि लसूण-कांदा कुत्र्याला बाधतो, त्यामुळे ती नको.

फोनचा आवाज अगदी तळाला ठेवून रेकॉर्डिंग वाजवायचं आणि पुढच्या सेकंदाला चादरीवर चार-पाच तुकडे टाकायचे. एका बैठकीत आठ-दहा वेळा, दिवसातून दोन बैठका. दोन बेलमधलं अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवायचं, कधी वीस सेकंद, कधी दोन मिनिटं.

क्रम इथं सगळ्यात महत्त्वाचा, आणि माझी चूक तिथंच झाली. बेल वाजवायच्या आधीच माझा हात डब्याकडे जायचा. चार दिवसांत मणी डब्याच्या झाकणाकडे टक लावून बसायला लागली आणि बेल तिच्या लेखी नुसता मधला आवाज ठरला. आधी बेल, मगच हाताची हालचाल, असं केल्यावर गाडी रुळावर आली. दुसरी चूक आवाज घाईनं वाढवण्याची. अंग ताठ, तोंड घट्ट मिटलेलं, कान पुढे आणि समोरच्या चिकनकडे लक्ष नाही, असं दिसलं की आवाज तिला झेपत नाही असं समजायचं आणि दोन पायऱ्या खाली यायचं. अशा वेळी "गप्प बस!" म्हणून ओरडू नये. तिला वाटतं, घरचेही भुंकण्यात सामील झाले.

बाराव्या दिवशी बेल वाजल्यावर मणीनं दाराकडे पाहण्याऐवजी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हीच खूण हवी असते. त्यानंतर मी बेल वाजली की तिला स्वतःहून चादरीवर जाऊ द्यायची आणि मग तुकडे टाकायची.

खरी बेल जोडल्यावर मात्र पहिल्या दिवशी ती पुन्हा भुंकली. फोनमधला आवाज आणि दारावरचा आवाज कुत्र्याला एकच वाटत नाहीत. आठवडाभर घरातल्याच कुणीतरी बाहेर जाऊन बेल वाजवायची आणि तिथूनच परत फिरायचं, असं केलं. मग शेजारच्या काकूंना बोलावलं. मणीला पट्टा बांधून चादरीवर ठेवलं. काकूंनी तिच्याकडे न पाहता, हात पुढे न करता, सरळ येऊन खुर्चीत बसायचं. त्या बसल्यावर पट्टा सैल केला आणि मणीला हुंगू दिलं. आधीच हात पुढे करणारा पाहुणा हे सगळं बिघडवतो.

आत आल्यावर गप्प झालेलं प्रत्येक कुत्रं निवांत असतंच असं नाही. शेपूट पायात, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, झोप नसताना जांभया, वारंवार ओठ चाटणं, असं असेल तर ते भीतीनं थिजलेलं असतं. त्याला पाहुण्याजवळ ढकलू नये, दुसऱ्या खोलीत हाडूक चघळायला देऊन ठेवावं. अशी कुत्री पाहुणा उठला की झटकन भुंकतात, कधी मागून पोटरीलाही चावतात. आणि आजवर शांत असलेलं वयस्कर कुत्रं अचानक बेलला भुंकू लागलं तर आधी पशुवैद्याला दाखवावं, दुखण्यानंही असं होतं.

मणीचा निरोपाचा भाग अजून राहिला आहे. काकू चहा संपवून कप ठेवतात तोवर ती चादरीवर आडवी असते, पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला की मान वर होते. म्हणून आता काकू उठायच्या आधी "येते हं मी" म्हणतात, मी दोन तुकडे चादरीवर टाकते, आणि मगच खुर्ची सरकते.