रॉड अपडेट ४ : अ‍ॅल्युमिनियमच्या भावात चांदी

मंडळी, मागच्या पोस्टमध्ये फार ऐटीत लिहिलं होतं की अ‍ॅल्युमिनियमचा रॉड तयार आहे, डेटा येतोय, आता फक्त α, म्हणजे रॉडमधून उष्णता किती झपाट्याने पसरते तो आकडा, काढायचा. तर α निघाला. १४७ चौ. मिमी प्रति सेकंद.

ज्यांना हे आकडे पाठ नाहीत त्यांच्यासाठी: शुद्ध अ‍ॅल्युमिनियम साधारण ९७, तांबं ११५ च्या आसपास आणि चांदी १६५ च्या वर. म्हणजे भवानी पेठेतल्या त्या दुकानदाराने मला अ‍ॅल्युमिनियमच्या भावात तांबं आणि चांदीच्या मधलं काहीतरी दिलं. एवढा मोठ्या मनाचा दुकानदार पुण्यात असेल यावर माझा विश्वास नाही, त्यामुळे चूक आपलीच हे तेव्हाच कळलं, फक्त कुठे ते शोधायला आठवडा गेला.

सेटअप तोच. १२ मिमीचा रॉड, दोन डब्यांच्या मधली लांबी ३० सेंमी, त्यावर फोमची नळी. डाव्या डब्यात उकळतं पाणी, उजव्यात बर्फाचा चुरा घातलेलं पाणी, सुरुवातीला सगळा रॉड खोलीच्या तापमानाला, २७. आधी डावीकडे १०० धरत होतो, पण पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथे पाणी ९८ लाच उकळतं, तेवढं दुरुस्त केलं. (बर्फासाठी फ्रीजर अडवल्याबद्दल आईची बोलणी रोज खातोय.)

गेल्या वेळी एकाने विचारलं होतं की रॉडवर x जागी t वेळेला किती तापमान असेल याचं सूत्र काढताना आधी दोन टोकांना जोडणारी सरळ रेषा वजा का करायची, डायरेक्ट साइन सिरीज का नाही लावायची. साधं आहे. व्हेरिएबल वेगळे केल्यावर जी X(x)T(t) उत्तरं मिळतात त्यांची आपल्याला बेरीज करायची असते, आणि डाव्या टोकाला ९८ असलेली दोन उत्तरं मिळवली तर तिथे १९६ होतात. टोकाला शून्य असेल तरच कितीही मिळवा, शून्यच राहतं. म्हणून ९८ पासून ० पर्यंतची रेषा, म्हणजे रॉड शेवटी जिथे स्थिरावणार ती, बाजूला काढायची आणि उरलेल्या भागाला दोन्ही टोकांना शून्य असणारे साइन लावायचे. खाली T1 डाव्या टोकाचं तापमान, T2 उजव्या, T0 सुरुवातीचं, L रॉडची लांबी, प्रत्येक n चा साइन म्हणजे एक मोड, आणि τ वरून पहिला मोड किती वेळात विझतो ते कळतं:

```
u(x,t) = T1 + (T2-T1)x/L + Σ b_n sin(nπx/L) exp(-n²t/τ)
b_n = (2/nπ) [ (T0-T1) - (-1)^n (T0-T2) ]
τ = L²/(π²α)
```

आता माझा घोळ. n=२ चा मोड पहिल्याच्या चौपट वेगाने विझतो, n=३ चा नऊपट, त्यामुळे थोड्या वेळाने पहिलाच उरतो, आणि तापमान स्थिर किमतीपासून किती लांब आहे त्याचा लॉग वेळेसमोर काढला की सरळ रेष मिळते, तिच्या उतारावरून τ आणि τ वरून α. हे सगळं बरोबर आहे. मी सेन्सरचं भोक गरम टोकापासून ७.५ सेंमीवर पाडलं होतं, कारण तिथे तापमान जास्त बदलतं, आणि २० ते ८० सेकंदांच्या डेटाला रेष लावली. रेष दिसायलाही सरळ होती हो! τ आला ६२ सेकंद. तीन वेळा प्रयोग केला, तिन्ही वेळा ६२ च्या आसपास. चुकीचं उत्तर इतक्या इमानदारीने परत परत यावं यासारखा वैताग नाही.

आधी संशय सेन्सरवर गेला. स्टीलच्या टोपीतला डीएस१८बी२० उशिरा रिअ‍ॅक्ट होतो हे खरंय आणि माझ्या मते या कामाला तो घेऊच नये, उघडा घ्या आणि थर्मल पेस्ट लावून भोकात बसवा. पण सेन्सर आळशी असेल तर रॉड हळू तापल्यासारखा दिसेल, माझा जास्त जोरात तापत होता. मग शेवटी, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, b_n चे आकडे खरोखर काढून बघितले. b1 आला −२८.० आणि b2 आला −३१.२.

दुसरा पहिल्यापेक्षा मोठा! मी मनात धरून चाललो होतो की गुणांक उतरत्या क्रमाने येतात. पण खोलीचं २७ हे ९८ आणि ० च्या मधेच कुठेतरी येतं, म्हणजे एक टोक त्यापेक्षा गरम आणि दुसरं थंड, त्यामुळे सम n च्या कंसात ७१ आणि २७ ची बेरीज होते आणि विषमला वजाबाकी. त्यात मी भोक पाडलं L/4 वर, जिथे दुसऱ्या मोडचा साइन पूर्ण १ आणि पहिल्याचा ०.७०७. म्हणजे सुरुवातीला पहिल्याचे १९.८ आणि दुसऱ्याचे ३१.२. दुसऱ्याचा वाटा पहिल्याच्या एक टक्क्यावर यायला १.७τ थांबावं लागतं, आणि मी ८० सेकंदांना दुकान बंद केलं होतं.

उपाय इतका सोपा की लाज वाटली. बरोबर मधोमध भोक पाडायचं. तिथे सगळे सम मोड शून्य, पहिल्यानंतर थेट तिसरा, तो अर्ध्या τ च्या आतच संपतो. शनिवारी रात्री पाडलं. ६० सेकंदांना ३१.१, १२० ला ३७.३, १८० ला ४१.३, २४० ला ४३.९, आणि बराच वेळ ठेवल्यावर ४८.३ वर स्थिर. ४८.३ पासूनचं अंतर ६० ला १७.२ आणि २४० ला ४.४, त्याचा लॉग काढला की τ = १३२ सेकंद, α = ६९. आणि ६९ म्हणजे ६०६१ नावाच्या मिश्रधातूचा आकडा! दुकानदार "एकदम प्युअर आहे साहेब" म्हणाला होता. चांदी सोडाच, शुद्ध अ‍ॅल्युमिनियमसुद्धा नाही. पण रॉडने स्वतःच हे सांगितलं याचा आनंद त्या पैशांपेक्षा मोठा आहे, रात्री एक वाजता एकटाच हसत बसलो होतो.

आता ते ४८.३ खुपतंय. ९८ आणि ० च्या मध्ये ४९ यायला हवे होते. टोकं ठीक आहेत, मोजली. हे ०.७ फोममधून बाजूने निसटतंय, म्हणजे प्रत्येक मोडच्या विझण्याच्या वेगात एक सारखीच छोटी भर पडतेय, ०.७ भागिले b1 चे २८ म्हणजे पहिल्या मोडच्या वेगाच्या अडीच टक्के. ती काढली तर α ६७ च्या जवळ जातो. आणि एक सावधगिरी: लॉग काढताना ४९ धरू नका, मोजलेले ४८.३ च घ्या. मी ४९ धरून पाहिलं तर τ १४३ येतो आणि रेष शेवटी वाकते.

इथपर्यंत लिहून पुढचा प्लॅन "जाड फोम आणणे" असा लिहिणार होतो, पण लिहितालिहिता दुसरंच सुचलं. एक सेन्सर ७.५ वर आणि दुसरा २२.५ वर ठेवला तर? दुसरा मोड एका ठिकाणी +१, दुसऱ्या ठिकाणी −१, पहिला दोन्हीकडे सारखाच. सरासरी घेतली की दुसरा गायब, आणि स्थिर किमती वजा करून फरक घेतला की पहिला, तिसरा, चौथा, पाचवा सगळे गायब, फक्त दुसरा उरतो आणि त्यानंतर थेट सहावा, जो काही सेकंदांत संपतो. दोन वेग वेगवेगळे मिळतील, आणि बाजूची गळती दोघांत सारखी असल्यामुळे त्यांच्या वजाबाकीत ती उडून जाईल, उरेल नुसतं 3/τ. फोम कसाही असो! माझ्या आकड्यांप्रमाणे दोन वेगांचं गुणोत्तर बरोबर ४ न येता ३.९३ यायला हवं.

म्हणजे फोम रद्द. उद्या तपकीर गल्लीतून आणखी एक उघडा सेन्सर आणतो आणि २२.५ वर भोक पाडतो. ७.५ चं तर आधीच पाडून ठेवलंय.