सांगली साताऱ्याच्या दुप्पट?

मामेबहिणीच्या हळदीला गेलो होतो, जेवणं आटपल्यावर मंडपात सतरंजीवर आडवे पडलो होतो आणि मामांनी हळूच पिन मारली, काय भाचेबुवा, तुमचा सातारा आमच्या सांगलीच्या निम्मा निघाला की. मी म्हटलं काहीतरीच काय. तर त्यांनी मोबाईल पुढं केला, कोणीतरी फॉरवर्ड केलेला जिल्ह्यांच्या क्षेत्रफळाचा तक्ता होता, सातारा १०.४८ लाख, सांगली २१.१८ लाख. आकडे बघून दोन मिनिटं मलाही काही सुचेना, कारण आकडे खोटे नव्हते. मग तक्ता बोटांनी मोठा करून बघितला तर साताऱ्यापुढं बारीक अक्षरात हे. आणि सांगलीपुढं ए. एक जिल्हा हेक्टरात, दुसरा एकरात, आणि मामा तिसऱ्याच आनंदात.

आता खरं म्हणजे ते ए. दिसलं नसतं तरी घोळ पकडता आला असता. महाराष्ट्रातला क्षेत्रफळानं सगळ्यात मोठा जिल्हा म्हणजे नगर, आताचं अहिल्यानगर, तो १७,०४८ चौरस किलोमीटर. मामांचे २१.१८ लाख हेक्टर म्हणून धरले तर होतात २१,१८० चौरस किलोमीटर, म्हणजे सांगलीनं नगरलाही मागं टाकलं! मामांनाच विचारलं, आटपाडी ते शिराळा गाडीवर किती वेळ लागतो, आणि नगर जिल्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलायत का कधी. ते जरा गप्प झाले.

मग तिथंच पत्रिकेच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. हेक्टर म्हणजे शंभर मीटर बाय शंभर मीटरचा चौकोन, दहा हजार चौरस मीटर. एक किलोमीटर बाय एक किलोमीटरच्या तुकड्यात असे चौकोन आडवे दहा आणि उभे दहा बसतात, म्हणून एका चौरस किलोमीटरचे शंभर हेक्टर. इथंच निम्मी जनता घसरते, किलोमीटरचे हजार मीटर हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं म्हणून हजारानं गुणतात किंवा दहानं, पण क्षेत्रफळात लांबी पण बदलते आणि रुंदी पण, तर हजार गुणिले हजार, चौरस किलोमीटरचे दहा लाख चौरस मीटर. तर सातारा १०,४८० चौरस किलोमीटर म्हणजे १०,४८,००० हेक्टर, नुसते दोन शून्य लावायचे. एका हेक्टरात २.४७१ एकर, म्हणून सांगलीचे २१.१८ लाख एकर मात्र २.४७१ नं भागायचे, येतात साधारण ८.५७ लाख हेक्टर, म्हणजे ८,५७० च्या आसपास चौरस किलोमीटर. जनगणनेतला आकडा ८,५७२ आहे, म्हणजे जुळलं. सातारा सांगलीपेक्षा १,९०८ चौरस किलोमीटरनं मोठा, साधारण बावीस टक्के. मामा म्हणाले बावीस टक्के म्हणजे काय फार नाही, आणि ते मी मान्य केलं, हळदीच्या दिवशी कशाला ताणायचं.

पण मग मधेच एक काका उठून बसले (आमच्याकडं झोपलेली माणसं जमिनीचा विषय निघाला की जागी होतातच). म्हणाले २.४७१ कसलं घेऊन बसलास, हेक्टर म्हणजे अडीच एकर, आख्खा गाव हेच म्हणतो. गावाचं बरोबरच आहे, एका हेक्टरात अडीच एकर धरले तर फरक पडतो सव्वा गुंठ्यापेक्षा कमी. पण तोच अडीच साताऱ्याला लावला तर २५.९ लाखाऐवजी २६.२ लाख एकर होतात, म्हणजे तीस हजार एकर जमीन हवेतून आली. दोन्ही जिल्ह्यांना अडीचच लावलं तर तुलना बिघडत नाही, दोघंही सारखेच फुगतात, पण एकाला अडीच आणि दुसऱ्याला २.४७१ असं केलं की संपलं.

काकांनी मग खिशातून सातबाराची झेरॉक्स काढली, हळदीला सातबारा खिशात का होता हे मी विचारलं नाही. क्षेत्राच्या रकान्यात ०.८१.००, म्हणजे शून्य हेक्टर, ८१ आर, शून्य चौरस मीटर. आर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग, शंभर चौरस मीटर, आणि गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, तो भरतो १०१ चौरस मीटरला थोडा जास्त. दोन्ही इतके जवळ की लोक आर आणि गुंठा एकच समजतात, आणि घरच्या हिशोबाला ते चालतं. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून ८१ आर म्हणजे दोन एकर. खरी मेख टिंबात आहे. हेक्टरातलं टिंब शंभराचं असतं पण एकरातलं टिंब आपल्याकडं चाळीसचं. काका २.२० एकर म्हणतात तेव्हा ते दोन एकर वीस गुंठे असतात, अडीच एकर. कॅल्क्युलेटरला ते कळत नाही, तो २.२० म्हणजे सव्वादोनपेक्षाही कमी समजतो, आणि हेक्टरात आणलं की एक हेक्टरच्या जागी ८९ आर दाखवतो, अकरा-बारा आर जागच्या जागी गायब. गावोगावचे असे आकडे एक्सेलमध्ये टाकून बेरीज केली की काय होत असेल विचार करा.

तसं बघितलं तर ही भांडणं भावकीतलीच आहेत. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. त्यामुळं जुन्या पुस्तकात सातारा जिल्ह्याचा आकडा सापडला तर आधी साल बघायचं, तो आकडा आजच्या साताऱ्याचा नसतोच, आणि जुना असेल तर चौरस मैलात असतो, तिथं २.५९ नं गुणायचं. सांगलीचाच आकडा कुठं ८,५७२ सापडतो कुठं ८,५७८. सहा चौरस किलोमीटर म्हणजे सहाशे हेक्टर, ऐकायला मोठं वाटतं पण जिल्ह्याच्या मानानं हजारात एकसुद्धा नाही. फक्त दोन्ही जिल्ह्यांचे आकडे एकाच पुस्तकातून, एकाच सालचे घ्यायचे, एवढं पथ्य पाळतो मी.

आणि एक गंमत सांगतो, हिचा कशाशी काही संबंध नाही. आजचा सातारा चौरस मैलात काढला तर येतो ४,०४६, आणि एका एकरात चौरस मीटरही ४,०४६ च्या जरासेच वर. मी हे मंडपात सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही.

चार दिवसांनी मामांचा फोन. या वेळी सरकारी तक्ता मिळालाय, फॉरवर्ड नाही, आणि त्यात सातारा जिल्ह्याचं एकूण भौगोलिक क्षेत्र फक्त १०,४८० हेक्टर लिहिलंय, आता बोल. म्हटलं मामा, तक्त्याच्या डोक्यावर उजव्या कोपऱ्यात कंसात काय आहे ते वाचा. वाचून म्हणाले, क्षेत्र शून्य शून्य हेक्टर. म्हटलं ते दोन शून्य प्रत्येक आकड्यामागं लावायचे, छपाईत जागा वाचवायला काढून वर टांगलेत. म्हणजे तो रकाना शंभर हेक्टरांत आहे, आणि शंभर हेक्टर म्हणजेच एक चौरस किलोमीटर, म्हणून मामा तुम्ही जे वाचताय ते चौरस किलोमीटरच आहेत, बदलायची गरजच नाही.

पलीकडं थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज. मग म्हणाले, बरं, पण तुमच्या त्या १०,४८० मध्ये कोयनेचं पाणी आणि जंगल किती, ते काढून सांग, मग बघू कोण मोठं.