नळ तर शेवटी लागतात ना?

“नळ तर शेवटी लागतात ना? मग आत्ताच कशाला घाई?” त्यांच्या घराच्या कामाच्या बारचार्टवरच्या लाल पट्टीवर बोट ठेवून काकूंनी विचारलं.

म्हटलं, पाणी नळातून शॉवरकडे वळवणाऱ्या डायव्हर्टरची बॉडी भिंतीच्या आत जाते. ती बसल्याशिवाय पाइपांची प्रेशर टेस्ट नाही, टेस्टशिवाय वॉटरप्रूफिंग नाही, आणि पाणी साठवून गळती तपासल्याशिवाय टाइल्स नाहीत. नळांचं मॉडेल ठरायला सहा दिवस उशीर झाला, तर वास्तुशांतही सहा दिवस पुढे. गेटची पट्टी निळी आहे. ते पंधरा दिवस रखडलं तरी ताबा त्याच तारखेला.

काकू जरा वेळ गप्प. “म्हणजे मी महिनाभर गेटसाठीच भांडत होते?”

तेव्हापासून चैन नाही. चार्ट दर आठवड्याला पाठवत होतो, पण त्यातला बाण कोणत्या कामाकडून कोणत्या कामाकडे जातो हे समोर बसून कधी दाखवलंच नव्हतं. तुम्ही दाखवता?