तिसरी फी भरण्याआधी

मी बँकेच्या कर्ज विभागात बसतो. त्या दिवशी एक काका मंजुरीपत्राची प्रिंट घेऊन आले. पाच लाखांचं वैयक्तिक कर्ज मंजूर, वर एका मोठ्या वित्तसंस्थेचा लोगो, खाली गोल शिक्का. "साहेब, एवढे नऊ हजार भरून द्या, संध्याकाळी पैसे जमा होणार आहेत."

आधी प्रोसेसिंग फी म्हणून 2,450 आणि विम्याचे 4,900 त्यांनी भरले होते. आता तिसरी मागणी होती 'सिबिल क्लिअरन्स'ची. फोनवरच्या माणसाने त्यासाठी एका एजंटाचा नंबरही दिला होता.

मी पैसे कुणाच्या नावावर जातात ते पाहिलं. यूपीआयवर कुणा व्यक्तीचं नाव येत होतं, संस्थेचं नाही. खरी प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा कर्जाच्या रकमेतूनच कापून घेतात. काही ठिकाणी अर्ज करताना थोडी लॉगिन फी लागते, पण तीही संस्थेच्याच खात्यात जाते. शिवाय काकांनी या संस्थेकडे अर्जच केला नव्हता. पैसे पाठवू नका म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मला त्या फोनवाल्यांचा मनापासून संताप आला.

मग त्यांच्याच मोबाईलवर सिबिलचा मोफत रिपोर्ट काढला. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात दोन डाग होते. पूर्ण फेडलेलं दुचाकीचं कर्ज अजून चालू दिसत होतं, आणि क्रेडिट कार्डापुढे 'सेटल्ड' लिहिलं होतं. एजंट दोन्ही पुसून देणार होता. त्यासाठी त्याला लॉगिन आणि ओटीपी हवा होता.

दुचाकीची नोंद चूक होती. 'डिस्प्यूट'मध्ये तक्रार नोंदवायची, कर्ज फिटल्याची एनओसी हाताशी ठेवायची; पैसे लागत नाहीत. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

कार्डाची नोंद मात्र खरी होती. 64,000 थकले होते, 40,000 वर तडजोड झाली होती. खरी नोंद कुणीच पुसू शकत नाही, कारण सिबिल ती बँकेला विचारल्याशिवाय बदलत नाही. असे एजंट सरसकट सगळ्या खात्यांवर 'हे माझं नाही' अशी तक्रार ठोकतात. ती तपासात असेपर्यंत तसा शेरा रिपोर्टवर दिसतो, तोच फोटो दाखवून फी उकळतात. बँकेने नोंद बरोबर असल्याचं कळवलं की डाग जिथल्या तिथे, आणि एजंटाचा फोन बंद. खरा मार्ग एकच: उरलेले 24,000 भरून नो ड्यूज घ्यायचं आणि बँकेकडून 'क्लोज्ड' करून घ्यायचं. तरीही मागच्या 36 महिन्यांतले चुकलेले हप्ते दिसत राहतात. हे मी काकांना स्पष्ट सांगितलं.

तिथूनच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन लावला. गेलेले 7,350 काही परत आले नाहीत. दुचाकीची नोंद महिनाभरात दुरुस्त झाली. कार्डाच्या 24,000 साठी काका आता त्या बँकेकडे हप्ते मागताहेत.