माझा अनुभव: व्हिडिओचे पहिले तीन सेकंद आणि माझे सहा आठवडे

पंचेचाळीस सेकंदांचा उभा अ‍ॅनिमेटेड व्हिडिओ होता. त्यातले शेवटचे बेचाळीस सेकंद मी नऊ दिवसांत पूर्ण केले. पहिल्या तीन सेकंदांना सहा आठवडे लागले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

काम आमच्या ग्वाल्हेरचंच होतं. गुजरी महालाकडून किल्ल्यावर पायी चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, एकाच खडकात कोरलेलं, अगदी लहान. आतल्या शिलालेखावर संवत ९३३ म्हणजे इ.स. ८७६ असा काळ आहे. मंदिराला फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली आणि त्या बागेतून देवाला रोज ५० हार मिळावेत, अशी त्यात नोंद आहे. २७० आणि ५० या दोन्ही आकड्यांत शून्य आहे, बाकीच्या अंकांपेक्षा लहान, पण स्पष्ट गोल. हे शून्य मुलांना दाखवायचं, एवढंच काम. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका संस्थेने ते मला दिलं. संस्थेचं नाव लिहीत नाही.

संस्थेच्या समितीची अट अशी की सुरुवातीला चार सेकंद बोधचिन्ह फिरत यावं, मागे शंख वाजावा, मग "ऐतिहासिक ग्वाल्हेर नगरीला गौरवशाली परंपरा लाभली आहे" हे वाक्य आणि त्यावर किल्ल्याचं दूरचं दृश्य. मी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा थकून तसंच करून दिलं आणि तो व्हिडिओ यूट्यूबवर चढवला गेला. दोन दिवसांनी आकडेवारी उघडली. यूट्यूबच्या शॉर्ट्समध्ये, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंमध्ये, किती जण थांबले आणि किती जण वर सरकवून निघून गेले, हे वेगवेगळं दिसतं. निम्म्याहून जास्त माणसं बोधचिन्हाची फेरी पूर्ण होण्याआधीच गेली होती. शून्य पडद्यावर यायचं सव्विसाव्या सेकंदाला, तिथपर्यंत मोजकेच उरले होते.

हा आलेख छापून मी बैठकीत ठेवला. उत्तर मिळालं, "ताई, हल्लीच्या मुलांना धीरच नाही." मला हे पटत नाही. अंगठा पडद्यावर ठेवून बसलेल्या माणसाने आपला व्हिडिओ निवडलेला नसतो, तो त्याच्यापुढे आपोआप आलेला असतो. ज्या संस्थेचं नाव त्याने कधी ऐकलं नाही, तिचं चिन्ह चार सेकंद फिरताना तो का पाहील?

मग मी नवी सुरुवात लिहायला बसले आणि इथे माझ्याही चुका झाल्या. पहिला मसुदा होता, "तुम्हाला माहीत आहे का, शून्याचा शोध कुठे लागला?" वाचायला बरा वाटतो. पण "भारतात" हे उत्तर शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. उत्तर आधीच हातात असेल तर प्रश्नासाठी कुणी थांबत नाही. शिवाय "तुम्हाला माहीत आहे का" या चार शब्दांत दीड सेकंद जातो आणि तोवर पडद्यावर दाखवायला काहीच नसतं.

दुसरा मसुदा समितीला फार आवडला: "जगातलं सगळ्यात जुनं शून्य आपल्या ग्वाल्हेरात!" तो मीच फाडला. कंबोडियातल्या इ.स. ६८३ च्या शिलालेखात शून्य ठिपक्याच्या रूपात आहे, म्हणजे आपल्या शिलालेखाच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी. पहिल्याच वाक्यात चूक निघाली की पुढचं खरं सांगितलेलंही संशयाने पाहिलं जातं. "सगळ्यात जुनं" एवढ्यावरच दोन बैठका गेल्या. "सगळेच तसं म्हणतात" हा त्यांचा मुद्दा होता. मी शेवटपर्यंत हलले नाही आणि त्याचा मला अभिमान आहे.

खरी सुरुवात सापडली ती आमच्या शेजारच्या काकूंमुळे. त्या रोज सकाळी देवासाठी हार ओवतात. मी त्यांना संहिता वाचून दाखवत होते. राजा, संवत, किल्ला हे सगळं त्यांनी मान हलवत ऐकलं. "रोज ५० हार" आलं तशा त्या सुई थांबवून म्हणाल्या, "पन्नास? अगं, एवढे ओवायचं कोण? आणि एखाद्या दिवशी कमी पडले तर?"

मी तिथेच संहितेवर पेन्सिलीने खूण केली. हा प्रकार तेव्हापासून माझा नेहमीचा झाला आहे: संहिता मोठ्याने वाचायची आणि ऐकणारा जिथे मध्येच तोंड उघडतो ती ओळ उचलून पहिल्या सेकंदाला न्यायची. बहुतेकदा ती ओळ खाली कुठेतरी गाडलेली असते, कारण लिहिताना आपण काळाच्या क्रमाने लिहितो.

काकूंच्या "कमी पडले तर" वरून मला चित्र दिसलं. दगडावर ५० कोरलेलं आहे. त्यातलं शून्य निखळून पडतं. मागे ५ उरतो आणि पुजाऱ्यापुढच्या हारांच्या ढिगातून पाचच हार राहतात. स्थानिक किंमत म्हणजे काय, हे एकाही व्याख्येशिवाय दिसतं. वाक्य मी आधी असं लिहिलं: "हे छोटंसं शून्य जर दगडावरून पडलं असतं, तर देवाला मिळणारे पंचेचाळीस हार कमी झाले असते." हे बोलायला सहा सेकंद लागतात. मुलांना कळेल अशा गतीने मराठी बोललं तर तीन सेकंदांत सात-आठ शब्द बसतात, त्यात "पंचेचाळीस" हा एकटाच दोन शब्दांची जागा खातो. पडद्यावर ५० दिसतंय, दगड दिसतोय, तर ते तोंडाने सांगायची गरज काय? जे चित्रात आहे ते वाक्यातून काढत गेले आणि उरलं एवढंच: "शून्य पडलं, आणि हार पाचच उरले!"

अडचण एकच की असं घडलेलं नाही. म्हणून लगेच पुढचं वाक्य ठेवलं: "असं झालं नाही, कारण साडेअकराशे वर्षं हे शून्य जागेवर आहे." कल्पना आणि खरी गोष्ट यांच्यात एका वाक्यापेक्षा जास्त अंतर ठेवलं असतं, तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं झालं असतं.

आता चौकटींचा, म्हणजे व्हिडिओतल्या एकेका स्थिर चित्राचा, हिशेब. चोवीस चौकटींचा सेकंद धरला तर तीन सेकंद म्हणजे बहात्तर चौकटी. माझ्या पहिल्या खेपेत काळ्या पडद्यातून हळूहळू उजेड येत होता, त्यात बारा चौकटी गेल्या. मग शून्य पडण्याआधी स्थिर होतं, त्यात आणखी बारा. हालचालीआधी क्षणभर थांबावं, हे आम्ही अ‍ॅनिमेशनमध्ये पहिल्या दिवशी शिकतो आणि एरवी ते बरोबरच आहे. पण सुरुवातीलाच ते केलं तर पहिला पूर्ण सेकंद स्थिर चित्र दिसतं आणि प्रेक्षक समजतो की इथे काही घडणार नाही. म्हणून मी उजेड येणं काढलं आणि पहिल्याच चौकटीत शून्य अर्धवट कललेलं ठेवलं. अठराव्या चौकटीला ते खाली आपटतं, दगडाचा टण् आवाज येतो, चव्वेचाळिसाव्यापर्यंत ढीग नाहीसा होतो आणि उरलेल्या चौकटी पुजाऱ्याच्या चेहऱ्याला. निवेदन चौथ्या चौकटीला सुरू होतं. ध्वनिमुद्रणात सुरुवातीला घेतलेला श्वास राहून जातो, तो कापायला विसरू नका.

आधी सांगायचं राहिलं: अंतिम फाइल तयार झाली की पहिली चौकट थांबवून बघा. टाइमलाइनवर चित्र एका चौकटीने पुढे सरकलेलं असलं तर पहिली चौकट कोरी किंवा काळी जाते. माझी एकदा गेली होती. आणि आकडा किंवा मजकूर पडद्याच्या खालच्या भागात ठेवू नका. तिथे व्हिडिओचं शीर्षक येतं आणि उजव्या कडेला बटणं असतात. माझं ५० पहिल्या खेपेत अर्धं शीर्षकाखाली गेलं होतं.

एवढं करून मी समितीपुढे गेले, तर पुन्हा तेच: बोधचिन्ह कुठे? सहाव्या आठवड्यात मी वाद घालणं सोडलं. कच्चा व्हिडिओ फोनवर लावला आणि बरोबर तिसऱ्या सेकंदाला थांबवून फोन उलटा ठेवला. काही बोलले नाही. खजिनदार काका चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "अहो, मग पुजाऱ्याने काय केलं?" मी म्हटलं, "हेच विचारायला लोकांनी थांबायला हवं ना, काका?" त्या दिवशी मंजुरी मिळाली. बोधचिन्ह मंदिराच्या भिंतीवर कोपऱ्यात, लहान आणि स्थिर ठेवायचं ठरलं. घरी येताना महाराज बाड्यावर रिक्षात मला इतकं हलकं वाटत होतं की सांगता येत नाही.

चढवलेला व्हिडिओ यूट्यूबवर बदलता येत नाही, म्हणून नवा चढवला. या वेळी कोणत्या सेकंदाला किती प्रेक्षक उरले हे दाखवणारी आलेखातली रेषा पहिल्या तीन सेकंदांत जवळजवळ सपाट राहिली. सुरुवातीला ती शंभर टक्क्यांच्याही वर दिसली तर गोंधळू नका, पुन्हा पुन्हा पाहणारेही त्यात मोजले जातात. मात्र आठव्या सेकंदाला एक खड्डा होता. तिथे मी राजवंशाची माहिती घातली होती. पहिल्याच सेकंदात माणसं गेली तर दोष चित्राचा असतो. तीन सेकंद थांबून आठव्याला गेली, तर आपण जे दाखवायला बसलो होतो ते सोडून दुसरीकडे वळलो असतो. पुजारी पाच हार घेऊन उभा आहे आणि मी वंशावळ सांगत होते! आणखी एक आवृत्ती केली, त्यात आठव्या सेकंदाला फुलबाग आणली: २७० मधलं शून्य काढलं की कुंपण सरकून २७ हातांवर येतं आणि पुजारी त्यात अडकतो. राजवंश एका ओळीत शेवटाकडे गेला.

शॉर्ट्स संपले की आपोआप पुन्हा सुरू होतात, म्हणून शेवटचं दृश्यही या तीन सेकंदांना धरूनच काढलं. हार ओवणारी एक बाई शून्य उचलून दगडात परत बसवते, तिची नथ काकूंच्या नथीसारखी आहे. ती हात काढून घेते, शून्य किंचित कलतं आणि तिथेच शेवटची चौकट संपते.